पदरावरचा मोर ऐकू येण्यासाठी

ज्यांना दिसत नाही किंवा फारच कमी दिसतं, अशी माणसं मोबाइल आणि कॉम्प्युटर कानांनी वापरतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’ त्यांच्या मदतीला असतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, आणि विंडोजवर फुकट मिळणारा एनव्हीडीए. लिहिलेला मजकूर हे प्रोग्राम सहज वाचतात. फोटो आला की मात्र साइटच्या मालकानं त्या फोटोसाठी काय लिहून ठेवलंय, यावर सगळं अवलंबून राहतं. फोटोसाठी लिहिलेल्या त्या एक-दोन वाक्यांना ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ती पडद्यावर दिसत नाहीत, पण फोटोमागच्या कोडमध्ये असतात.

ती नसतील तर काय होतं? एखादा स्क्रीन रीडर नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतो, एखादा फोटो गाळून पुढे जातो. फोटोवर लिंक असेल तर बऱ्याचदा फाइलचं किंवा लिंकचं नाव वाचलं जातं, म्हणजे ‘आयएमजी’ आणि त्यापुढे आकड्यांची रांग. साडीचं दुकान असेल तर अशा तीस रांगा ऐकून गिऱ्हाइकाच्या हाती काहीच लागत नाही.

ही सोय नवी नाही. १९९५च्या एचटीएमएल २.० या प्रमाणातही तिची तरतूद होती. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत तर अगदी पहिला नियम, १.१.१, हाच आहे: अर्थ सांगणाऱ्या प्रत्येक चित्राला मजकुराचा पर्याय हवा. तरीही छोट्या साइट्सवर ती जागा रिकामी राहते, कारण दुकान सांभाळून दोनशे फोटोंची वर्णनं लिहीत बसायला कुणाला सवड नसते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी चित्र पाहू शकणारी एआय मॉडेल्स आता ते काम काही मिनिटांत करून देतात. फक्त त्यांच्याकडून ते करून घेण्याची रीत माहीत हवी, नाहीतर रिकाम्या जागेऐवजी चुकीची माहिती जाऊन बसते.

मॉडेलला काय दिसतं

मॉडेल चित्राचे छोटे छोटे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनाचं आकड्यांत रूपांतर करतं. त्या आकड्यांवरून त्याचा भाषेचा भाग एकेक शब्द निवडत वाक्य तयार करतो. ही निवड तो शिकला कोट्यवधी फोटो आणि त्यांच्यासोबतचा मजकूर पाहून. साड्यांच्या फोटोंसोबत वेबवर बहुतेक जाहिरातीचा मजकूर असतो. म्हणून साडी दिसली की ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘पारंपरिक’ हे शब्द मॉडेलच्या तोंडी सहज येतात. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

मॉडेलला दिसतो तो फक्त फोटो. तो फोटो कुठल्या पानावर आहे, शेजारी काय लिहिलंय, तो तिथे का लावलाय, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आता काही फोन आणि ब्राउझर वर्णन नसलेल्या फोटोचं वर्णन आपणहून करून देतात. त्यांचीही अडचण नेमकी हीच असते. म्हणूनच साइटच्या मालकानं स्वतः पाहून ठेवलेलं वर्णन त्याहून मोलाचं ठरतं.

एका पानावरची सहा चित्रं

येवल्यातल्या एका छोट्या पैठणीच्या दुकानाची साइट आहे, असं समजू. दुकान काल्पनिक आहे, पण त्याच्या साइटवर असते तशी चित्रं कुठल्याही छोट्या धंद्याच्या साइटवर सापडतील. एका साडीच्या पानावर सहा चित्रं आहेत: पूर्ण साडीचा फोटो, पदराचा जवळून काढलेला फोटो, मागावर बसलेल्या विणकराचा फोटो, दिवाळीच्या सवलतीचं बॅनर, व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण आणि मजकुराखाली शोभेसाठी लावलेली नक्षीची पट्टी.

मॉडेल उघडण्याआधी या सहांची वाटणी करावी लागते. नक्षीची पट्टी नुसती शोभेची आहे. तिचं वर्णन कितीही छान केलं तरी ते ऐकणाऱ्याच्या वाटेतला अडथळाच ठरतं. तिला मुद्दाम रिकामं ऑल्ट द्यायचं, म्हणजे स्क्रीन रीडर ती गाळून पुढे जातो. ऑल्ट मुळीच न लिहिणं आणि ते रिकामं लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात स्क्रीन रीडरला अंदाज करावा लागतो, दुसऱ्यात त्याला स्पष्ट सूचना मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाचं काम वेगळं. मॉडेलला नुसतं चित्र दिलं तर ‘हिरव्या वर्तुळात पांढरा टेलिफोन’ असं उत्तर येईल. ते खरं आहे, पण निरुपयोगी आहे. बटणाच्या बाबतीत ते दाबल्यावर काय होतं ते सांगायचं असतं. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा करा’ एवढं पुरतं, आणि ते आपण स्वतःच लिहावं.

बॅनरमध्ये मजकूर चित्रातच कोरलेला आहे: कुठल्या साड्यांवर किती सूट आणि कोणत्या तारखेपर्यंत. इथे ऑल्टमध्ये तोच मजकूर जसाच्या तसा हवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे तीच माहिती पानावर साध्या अक्षरांत लिहायची. ती चित्राला लागूनच असेल तर चित्राचं ऑल्ट रिकामं ठेवता येतं. मग मोबाइलवर बॅनरमधली अक्षरं बारीक होतात म्हणून वैतागणाऱ्या डोळस गिऱ्हाइकाचीही सोय होते.

राहिले तीन फोटो: साडी, पदर आणि विणकर. मॉडेलची मदत खरी लागते ती इथे.

नुसता फोटो देऊन आणि माहिती देऊन

पदराचा फोटो देऊन नुसतं ‘ऑल्ट टेक्स्ट लिही’ म्हटलं तर साधारण असं वाक्य येतं: ‘सोनेरी नक्षीकाम असलेल्या सुंदर हिरव्या पारंपरिक भारतीय साडीचं चित्र.’ हेच वाक्य दुकानातल्या निम्म्या साड्यांना लावता येईल. पैठणी घेणाऱ्या बाईला विचारायचं असतं ते वेगळंच: काठ कुठला, पदरावर मोर आहेत की आसावलीची वेल, रंग कुठला. ‘चित्र’ हा शब्द तर फुकट जातो, कारण हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो.

आता तोच फोटो, पण आपल्याकडची माहिती जोडून:

‘ही येवल्यातल्या पैठणीच्या दुकानाची साइट आहे. हा मोरपंखी पैठणीच्या पानावरचा दुसरा फोटो आहे. पहिल्या फोटोत पूर्ण साडी दिसते, यात फक्त पदर जवळून दिसतो. साडीचं नाव, किंमत आणि लांबी पानावर आधीच लिहिलेली आहे, ती पुन्हा नको. मला माहीत असलेली माहिती: उभा धागा हिरवा, आडवा निळा, पदरावर बांगडी मोर, काठ नारळी. न पाहू शकणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एक-दोन वाक्यांत मराठीत वर्णन लिही. “चित्र” किंवा “फोटोत दिसतं” अशी सुरुवात नको, “सुंदर” सारखे कौतुकाचे शब्द नकोत. फोटोत किंवा माझ्या माहितीत नसलेलं काही लिहू नकोस. जे नीट दिसत नाही ते वेगळं सांग.’

यावर येणारा मसुदा तपासून असा करता येतो: ‘जवळून पदर: सोनेरी जरीच्या भुईवर बांगडीच्या गोलात विणलेले मोर, कडेला नारळी काठाची त्रिकोणी टोकं.’ गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नांना आता उत्तर मिळतं. मसुद्यातली रचना मॉडेलची, त्यातला ऐवज मात्र दुकानदाराचा. मोर बांगडीचे आहेत आणि काठ नारळी आहे हे मॉडेलला आपण सांगितलं. ते गोल कुठे आहेत, भुई कुठल्या रंगाची दिसते, काठाची टोकं कशी आहेत हे त्यानं फोटोवरून जोडलं.

विणकराच्या फोटोत आणखी एक गोष्ट लक्षात येते. तोच फोटो ‘आमच्याबद्दल’ या पानावर असेल तर ऑल्ट होईल: ‘हातमागावर पदर विणणारे आमचे विणकर, समोर अर्धा विणलेला पदर.’ पैठणीला वेळ का लागतो आणि किंमत का पडते हे समजावणाऱ्या पानावर तोच फोटो असेल तर बघायचं ते वेगळं: ‘पदराच्या नक्षीसाठी विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी रीळ हातानं धाग्यांमधून फिरवतोय.’ एका फोटोला कायमचं असं एकच बरोबर वर्णन नसतं. म्हणून मॉडेलला फोटोसोबत पानाचं शीर्षक आणि आजूबाजूचा एखादा परिच्छेदही द्यावा.

चुका कुठे होतात

मॉडेलची चूक ओळखणं अवघड असतं, कारण चुकीचं वाक्यही ते अडखळता लिहीत नाही. मजकूर वाचून संशय येत नाही. फोटो शेजारी ठेवून एकेक शब्द ताडूनच पाहावा लागतो. चार ठिकाणी मात्र विशेष लक्ष द्यायला हवं.

पहिलं ठिकाण रंगाचं. पैठणीत उभा आणि आडवा धागा वेगवेगळ्या रंगांचा असला की धूपछाव येते: कापड हलवलं की रंग पालटतो. फोटोत त्यातला एकच क्षण पकडलेला असतो. मॉडेल ठामपणे ‘निळी साडी’ लिहील आणि घरी आलेली साडी उजेडात हिरवी दिसेल. उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग दुकानदाराला माहीत असतात, तेच लिहावेत: ‘हिरव्या-निळ्या धूपछावीची’.

दुसरं ठिकाण ओळखीचं. मुनिया काठावरचे छोटे पक्षी मॉडेलला मोर वाटू शकतात, कुयरीला ते पान म्हणू शकतं. नक्षी जितकी बारीक आणि जितकी प्रादेशिक, तितका हा धोका मोठा. मोठे फोटो मॉडेलकडे जाताना बरेचदा लहान केले जातात, त्यामुळेही बारीक नक्षी पुसट होते. म्हणून काठ आणि पदर यांचे कापलेले, जवळचे भाग वेगळे दिले तर वर्णन सुधारतं. एका ओळीत किती मोर आहेत अशी मोजदाद मात्र मॉडेलवर सोडू नये. आकडा लिहायचाच असेल तर स्वतः मोजावा, नाहीतर ‘मोरांच्या ओळी’ म्हणावं.

तिसरं ठिकाण चित्रातल्या देवनागरी मजकुराचं. नक्षीदार अक्षरांतल्या बॅनरवर जोडाक्षरं चुकतात, १ आणि ९ किंवा ४ आणि ५ यांची गल्लत होऊ शकते. सवलतीची तारीख किंवा फोन नंबर चुकला तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं आणि भांडण दुकानदाराच्या दारात येतं. बॅनरचा मूळ मजकूर आपल्याकडे असतोच. तो मॉडेलकडून वाचून घेण्यापेक्षा सरळ चिकटवावा.

चौथं ठिकाण दाव्यांचं, आणि ते सर्वांत गंभीर आहे. साडी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, रेशीम शुद्ध आहे का, जर कुठल्या प्रतीची, हे समोरून काढलेल्या फोटोवरून सांगता येत नाही. हातमागाची पैठणी ओळखणारी माणसंसुद्धा ती उलटून पाहतात, कारण तिची नक्षी मागच्या बाजूनंही तितकीच स्वच्छ असते. मॉडेल मात्र जाहिरातींवरून शिकलेलं असल्यामुळे ‘हातानं विणलेली शुद्ध रेशमी पैठणी’ असं सहज लिहून मोकळं होतं. ते खरं नसेल तर ज्याला पाहून खात्री करता येत नाही, त्या गिऱ्हाइकाची फसवणूक होते. आपण स्वतः दिलेल्या माहितीत जो दावा नाही, तो मसुद्यातून खोडलाच पाहिजे.

माणसांच्या फोटोंबाबतही असंच. मॉडेलनं कुणाचं वय, धर्म किंवा नातं अंदाजानं लिहू नये, हे आधीच बजावावं. नाव लिहायचं तर त्या व्यक्तीला विचारून आपण लिहावं. साडी नेसून पाठवलेले गिऱ्हाइकांचे घरगुती फोटो बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलला देण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. ती नसेल तर त्या फोटोंची वर्णनं हातानंच लिहावीत.

साइटवर चढवताना

कोड हातानं लिहीत असाल तर इतकंच लागतं:

```html
<html lang="mr">
<img src="padar-12.jpg" alt="जवळून पदर: सोनेरी जरीच्या भुईवर
बांगडीच्या गोलात विणलेले मोर, कडेला नारळी काठाची टोकं.">
<img src="nakshi-patti.png" alt="">
```

पहिली ओळ अनेक मराठी साइट्सवर चुकलेली असते. पान मराठी आहे हे `lang="mr"` मुळे स्क्रीन रीडरला कळतं आणि तो मराठी आवाज निवडू शकतो. तिथे `en` राहिलं असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि काहीच्या काही ऐकू येतं, किंवा काहीच ऐकू येत नाही. वर्णनात दुहेरी अवतरणचिन्ह आलं तर ऑल्ट तिथेच तुटतं, म्हणून हातानं लिहिताना ते टाळावं.

वर्डप्रेसमध्ये मीडिया लायब्ररीत फोटो उघडला की `Alternative Text` नावाचा रकाना दिसतो. इथे अनेकांची फसगत होते. लायब्ररीत आज वर्णन भरलं तरी लेखात किंवा पानात आधीच घातलेल्या फोटोला ते आपोआप लागत नाही, कारण त्या पानात फोटोची जुनी प्रत जुन्या ऑल्टसकट बसलेली असते. त्या पानावर जाऊन, फोटोचा ब्लॉक निवडून तिथेही वर्णन भरावं लागतं. म्हणून आधी लायब्ररी भरावी आणि मग सगळ्यात जास्त पाहिली जाणारी पानं एकेक करून तपासावीत.

गूगलच्या चित्रशोधालाही ऑल्टचा उपयोग होतो. त्यापायी काही जण तिथे ‘पैठणी, स्वस्त पैठणी, ओरिजिनल पैठणी, येवला पैठणी’ अशी शब्दांची माळ भरतात. ती माळ प्रत्येक फोटोपाशी ऐकणाऱ्याच्या कानावर आदळते. खरं आणि नेमकं वर्णन शोधालाही चालतं, मग माळेची गरजच उरत नाही.

तपासायचं कसं

दोन चाचण्या पुरतात. पहिली कागदावरची. एका ओळीतल्या दहा साड्यांची फक्त वर्णनं, फोटोंशिवाय, दुकानातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावीत आणि साड्या समोर मांडून जोड्या लावायला सांगावं. जी जोडी लागत नाही तिचं वर्णन अपुरं आहे किंवा चुकीचं आहे. मॉडेलच्या वर्णनांतला एकसुरीपणाही इथे लगेच उघडा पडतो: तीस साड्यांना ‘सोनेरी काठाची रेशमी साडी’ असं लिहिलेलं असलं तर प्रत्येक वाक्य खरं असूनही एकही साडी वेगळी ओळखता येत नाही.

दुसरी चाचणी कानांची. विंडोजवर एनव्हीडीए सुरू करून साइट उघडावी आणि `G` दाबत राहावं; प्रत्येक वेळी तो पुढच्या चित्रावर जातो आणि त्याचं वर्णन बोलतो. त्याच्या `Tools` यादीतलं `Speech Viewer` उघडलं तर बोललेलं सगळं एका खिडकीत लिहूनही दिसतं, त्यामुळे कानाला सवय नसलेल्यालाही मागोवा घेता येतो. शोभेची पट्टी गाळली गेली पाहिजे, बटणानं आपलं काम सांगितलं पाहिजे आणि साडीचं नाव एकदाच ऐकू आलं पाहिजे. फोटो आणि शेजारचं नाव दोन्ही एकाच लिंकमध्ये असतील आणि ऑल्टमध्येही तेच नाव असेल, तर ते दोनदा ऐकू येतं. तिथे ऑल्टमध्ये फक्त नावात नसलेली माहिती ठेवावी. फुकट मिळणारं वेव्ह हे साधन पान तपासून कुठल्या फोटोला ऑल्ट नाही ते दाखवतं. असलेलं ऑल्ट खरं आहे का, हे मात्र कुठलंही साधन सांगू शकत नाही.

दोनशे फोटोंचं काम एका बैठकीत संपवायची गरज नाही. एक साधी शीट करावी: फाइलचं नाव, ती कुठल्या पानावर आहे, तिचं काम काय, आपल्याला माहीत असलेली माहिती, मॉडेलचा मसुदा, तपासलेलं अंतिम वाक्य. ‘माहीत असलेली माहिती’ हा रकाना साडीचा फोटो काढतानाच भरावा. साडी तेव्हा हातात असते, तिचा काठ, धाग्यांचे रंग आणि विणकर तेव्हा विचारता येतात. सहा महिन्यांनी ती विकली गेलेली असते आणि उरतो फक्त फोटो. तो रकाना रिकामा असेल तर तो फोटो मॉडेलकडे पाठवूच नये. आधी माहिती शोधावी, कारण तिच्याशिवाय मॉडेल जे लिहील ते साडीचं वर्णन असणार नाही, साड्यांबद्दलचा अंदाज असेल.